परशराम आधी मालकांना सांगतो

माझा धंदा माणसं हलवायचा आहे. बेळगावात टिळकवाडीला एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. कंपन्या मला सांगतात की अमुक जागा भरायची आहे, मी माणूस शोधते, दोन्हीकडची बोलणी करते आणि तो माणूस तिथे टिकला की माझे पैसे मिळतात. शहापुरात आमच्या घरी अजून साड्यांचे माग चालतात. मी दिवसभर फोनवर काय करते हे आईला कधी नीट कळलं नाही. ती शेजारणींना सांगते, "रूपाली नोकरीची स्थळं बघती." सुरुवातीला मी तिला दुरुस्त करायची. आता करत नाही.

या धंद्यात सगळ्यांना एक प्रश्न विचारावा लागतो: आहे ती नोकरी का सोडताय? त्याचं उत्तर सगळे 'ग्रोथ' असं देतात. साहेबाशी भांडण झालेला ग्रोथ म्हणतो, पगार थकलेला ग्रोथ म्हणतो, काढून टाकलेला तर फार जोरात म्हणतो. हा शब्द ऐकला की माझं डोकं दुखायला लागतं. परशराम मला आवडायला सुरुवात झाली ती बहुतेक यामुळेच, की त्यानं तो शब्द कधी वापरला नाही. पण त्यानं जे केलं त्यापेक्षा ग्रोथ म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असंही मला मधे बरेच दिवस वाटत होतं.

होनग्याच्या एका कंपनीला क्वालिटीचा मुख्य माणूस हवा होता. तिथले प्लँट हेड नागेंद्र हे कन्नड माणूस, माझ्याशी अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलतात आणि दोन्हीत कमी बोलतात. त्यांनी एकच अट घातली, "बाहेरचा नको. सहा महिन्यांत पुण्याला पळणारा नको." मी चौकशी केली तेव्हा दोन वेगवेगळ्या लोकांनी मच्छेच्या एका कंपनीतल्या परशरामचं नाव सांगितलं. ती कंपनी हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हचे भाग बनवते, आणि पुण्याचा एक मोठा ग्रुप ती विकत घेणार अशी बातमी पेपरात येऊन आठवडा झाला होता.

मी फोन केला. तो म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत करतो मॅडम, आता कंपनीचा टाइम हाय." जेवणाच्या सुट्टीत खरंच केला.

"तुम्ही दुसरीकडे बघताय का?" मी विचारलं.

"बघतोय की."

"का सोडायचंय?"

"सोडायचं असं न्हाय. आमची कंपनी लई चांगली हाय."

"पगार वेळेवर होतो?"

"व्हय. एक तारखेला."

"मालकांशी काही?"

"आप्पांच्याशी? न्हाय न्हाय. देवमाणूस."

मग म्हटलं, "मग तुम्ही कशाला बघताय?"

"तेच सांगतोय की मॅडम," तो म्हणाला, आणि पुढे त्यांच्या कँटीनच्या जेवणाबद्दल चांगलं बोलला.

या धंद्यात इतकं कौतुक करणारा माणूस म्हणजे एक तर त्याला काढलंय, नाहीतर काढणार आहेत. मी त्याला ऑफिसला बोलावलं, ते खरं काय आहे ते काढून घ्यायलाच.

तो शनिवारी संध्याकाळी आला. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मूळचा गुंजीचा. तिथून पॅसेंजरनं बेळगावला येऊन शिकला, आणि मच्छेत मालक मारुतीरावांच्या, म्हणजे त्याच्या आप्पांच्या, शेडमध्ये पाचच मशिनं होती तेव्हा चिकटला. आता तिथे एसी लावलेली मोजमापाची खोली आहे, ती त्याच्या ताब्यात. घर पिरनवाडीत, बायको मनिषा शिवणाचे क्लास घेते. आई अजून गुंजीत, ती शेत सोडून यायला तयार नाही. बसायच्या आधी त्यानं मला विचारलं, "तुमचं गाव?" शहापूर म्हटल्यावर त्यानं मला मॅडम म्हणणं बंद केलं आणि आक्का म्हणायला लागला. मी त्याच्यापेक्षा लहान आहे. मीही मग त्याला परशरामअण्णा म्हणायला लागले, नाहीतर बरोबरी होत नव्हती.

मी म्हटलं, "अण्णा, मला सरळ सांगा. तुम्हाला काढलंय का?"

त्याला राग आला नाही. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "अजून न्हाय."

मग हळूहळू बाहेर आलं. पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून मारुतीरावांनी सांगितलं होतं की कंपनी पुण्याच्या ग्रुपला द्यायचं ठरलं, करारावर सह्या झाल्या, व्यवहार पुरा व्हायला तीन-चार महिने लागतील, तोवर सगळं आहे तसं चालेल. पुण्याहून आलेल्या साहेबांनी सांगितलं की कुणाची नोकरी जाणार नाही, जुनी सर्व्हिस धरली जाईल, आणि त्यांच्या सगळ्या कारखान्यांचं क्वालिटी पुण्याहून चालतं, तसं इथलंही पुण्याला जोडलं जाईल.

"कायबी बदलणार न्हाय, असं त्यांनी तीनदा सांगितलं," परशराम म्हणाला. "एकदाच सांगितलं असतं तर मी थांबलो असतो."

त्याची जागा राहणार होती, पण ती एक तर पुण्याला, नाहीतर मच्छेतच पुण्याच्या साहेबाच्या हाताखाली. पुण्याला जायचं तर गुंजीची आई मागे राहते. हाताखाली जायचं तर आज तो ज्या मालावर नाही म्हणतो त्यावर उद्या पुण्याला विचारून नाही म्हणायचं. आणि व्यवहार पुरा झाल्यावर त्याच्यासारखेच पाच-दहा जण एकदम बाहेर बघायला लागणार, बेळगावात अशा जागा वर्षाला दोन निघतात. म्हणून आता. एवढं सगळं शहाणपणाचं कारण त्याच्याकडे होतं, आणि तो मला कँटीनबद्दल सांगत बसला होता.

"हे फोनवर का नाही सांगितलं?"

"आपल्या घरातलं असं लगेच भाईर सांगायचं बरं दिसत न्हाय की, आक्का."

मी त्याला समजावलं की पेपरात आलेलं आणि शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलेलं बोलायला हरकत नाही. जे सांगितलं नाही ते बोलायचं नाही: किंमत किती, कुठलं गिऱ्हाईक नाराज आहे, कोण जाणार आहे. मग मी त्याला तीन वाक्यं बांधून दिली. कंपनी विकली जातेय, हे जाहीर झालंय. त्यामुळे माझं काम पुण्याला जोडलं जाणार आणि माझ्या हातातला निर्णय जाणार. मला बेळगावातच क्वालिटीची पूर्ण जबाबदारी असलेलं काम हवंय. एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. रडायचं नाही, कुणाला नावं ठेवायची नाहीत आणि कौतुकही करायचं नाही.

त्यानं म्हणून दाखवलं. तिसऱ्या वाक्यानंतर म्हणाला, "तसे आप्पा लई चांगले हायत."

"चौथं वाक्य नको अण्णा."

पुन्हा म्हणून दाखवलं. या वेळी तो तीन वाक्यांवर थांबला, पण थांबताना त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं चौथं म्हणू द्यावं.

जाताना मी त्याला सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. हातात ऑफर लेटर येईपर्यंत कंपनीत कुणाला एक शब्द बोलायचा नाही. सोबत जेवणाऱ्यालाही नाही, मालकांना तर मुळीच नाही. तो "बरं" म्हणाला. आमच्या भागात "बरं" म्हणजे ऐकलं एवढंच, हे मला शहापूरची असून त्या दिवशी लक्षात राहिलं नाही.

नागेंद्रांना त्याची माहिती आवडली. पहिलं बोलणं फोनवर झालं, तेही ठीक झालं, आणि त्यांनी त्याला समोर बोलवायचं ठरवलं. ते सांगायला मी परशरामला फोन केला.

"येतो की," तो म्हणाला. "आप्पांना कालच सांगून टाकलं."

मी खुर्चीवरून उठले. "काय सांगितलं?"

"हेच, की होनग्यात बोलणी चाललीत म्हणून."

पुढची पाच मिनिटं मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालच्या झेरॉक्सवाल्यानं नंतर विचारलं की घरी सगळं बरं आहे ना. परशरामनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं मला त्याच्या वडलांबद्दल सांगितलं. वडील नंदगडला एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी सालगडी होते, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. एक घर सोडून दुसरं धरायचं असेल तर रीत अशी, की आधी जुन्या मालकाच्या उंबऱ्यात जाऊन सांगायचं, आणि मगच दुसऱ्या घराचं पाणी प्यायचं. न सांगता दुसरीकडे बोलणी करणाऱ्याला कुणी कामावर ठेवत नसे.

"होनग्यात गेल्यावर चहा देणार की, आक्का," तो म्हणाला. "म्हणून आधीच सांगितलं."

मी त्याला शक्य तेवढ्या शांतपणे सांगितलं की पाडव्याचा व्यवहार वेगळा आणि हा वेगळा. कंपनी विकत घेणारे नुसती मशिनं घेत नाहीत. मुख्य माणसं जागेवर राहतील हे ते आधी बघतात, पुष्कळदा विकणाऱ्याकडून तसं कबूल करून घेतात. म्हणजे त्यानं मालकांना जाऊन जे सांगितलं ते असं की, तुमचा व्यवहार पुरा व्हायच्या आधी मी निघालो. आता एक तर ते त्याला गोड बोलून अडकवतील, नाहीतर त्याचं अवघड करतील. दोन्हीत होनग्याची जागा जाणार.

"काय म्हणाले ते?"

"बरं म्हणाले."

"आणखी?"

"चहा घेतला आम्ही."

गोड बोलणंच आलं. चार दिवसांनी त्यांच्या एचआरनं त्याला बोलावून सांगितलं की व्यवहार पुरा झाल्यावर वर्षभर थांबलास तर वर्षाच्या शेवटी चांगली रक्कम मिळेल, फक्त सगळं नीट पुण्याला जोडून द्यायचं. अशी रक्कम देतात, ते काही वाईट नाही, आणि माझ्या अनुभवात दहातले सात जण ती घेऊन थांबतात. थांबणार का, हे मी परशरामला विचारलं नाही. विचारायची मला भीती वाटली, हे खरं. माझे पैसे त्यात अडकले होते, आणि एव्हाना मला तो माणूस त्या जागेवर बसलेला बघायचाही होता.

त्याच संध्याकाळी नागेंद्रांचा फोन आला. बेळगावच्या कारखानदारीत गोष्ट मच्छेहून होनग्याला जायला बसपेक्षा कमी वेळ लागतो.

"रूपाली, तुझा माणूस मालकाला सांगून बसलाय म्हणे. आता ते त्याला ठेवून घेतील. मी दोन महिने वाट बघून रिकामा. इंटरव्ह्यू कॅन्सल कर."

"सर, एकदा समोर बघा. दहा मिनिटं."

"बेड," ते म्हणाले, म्हणजे नको. मग म्हणाले, "दहा मिनिटं."

माझ्यासारखीनं उमेदवाराबरोबर जायची पद्धत नाही. मी गेले, कारण मला वाटलं हा तिथेही चौथं वाक्य बोलेल. नागेंद्रांच्या केबिनमध्ये चहा आला. परशरामनं तो घेतला.

नागेंद्रांनी मराठीतच विचारलं, "कंपनी का सोडताय?"

परशरामनं तीन वाक्यं म्हटली. पहिलं, दुसरं, तिसरं, आणि थांबला. मी श्वास सोडला.

"पुण्याचे लोक आल्यावर तुमचं कुठलं गिऱ्हाईक फिरणार आहे? त्यातलं एक आमच्याकडे चौकशी करत होतं," नागेंद्र सहज बोलल्यासारखं बोलले.

"ते मला सांगता येणार न्हाय, सर."

"माहीत नाही की सांगणार नाही?"

"सांगणार न्हाय."

नागेंद्रांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "ठीक आहे. तुम्हाला थांबायला पैसे देतायत, हे मला कळलंय. मग थांबा की. वर्षभर थांबा, पैसे घ्या, मग या."

मी त्याला याचं उत्तर शिकवलं नव्हतं. परशरामनं चहाचा कप खाली ठेवला.

"थांबायला का सांगितलंय ते मला कळतंय, सर. माझ्या हाताखाली नऊ जण हायत. त्यातली सहा पोरं मी मापाचा गेज कसा धरायचा हितनं शिकवलीत. पुण्याला सगळं नीट जोडून झालं की त्या खोलीत किती माणसं लागतील ते कुणी सांगितलेलं न्हाय, म्हणून मीबी सांगत न्हाय. पर जोडायचं काम मी करायचं, आणि मग कुणाकुणाची गरज न्हाय ते माझ्याच तोंडानं सांगायचं, त्याचे ते पैसे हायत. मला ते काम करायचं न्हाय. लई वाईट वाटतंय त्याचं, झोप लागत न्हाय. दुसरं कोण करंल तर करू दे. मी न्हाय करणार."

नागेंद्रांनी टेबलावरचा फोन उलटा ठेवला, सुलटा केला. ते माझ्याकडे वळून कन्नडमध्ये म्हणाले की चांगलं बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ बघितलीत. मग मराठीत म्हणाले, "त्यांच्या मालकाशी बोल. आता लपवायचं काही राहिलेलंच नाही. मालक काय म्हणतात ते मला सांग, त्यावर ठरवतो."

हे आमच्या धंद्याच्या रीतीच्या उलट आहे. आत्ताच्या मालकाकडे चौकशी शेवटी करतात, माणसानं ऑफर घेतल्यावर आणि राजीनामा दिल्यावर. आधी केली तर माणूस दोन्हीकडून जातो. मी परशरामकडे बघितलं. तो म्हणाला, "करा की. आप्पांना म्हाईत हाय."

म्हणजे आता सगळं मारुतीरावांच्या हातात होतं. ज्या माणसानं त्याला थांबवायला पैसे देऊ केले, त्यानंच त्याला जायला बरं म्हणायचं. गाडीत बसताना परशराम म्हणाला की नागेंद्रसाहेबांकडचा चहा चांगला होता, पण आमच्या कँटीनचा जरा जास्त चांगला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी मारुतीरावांना फोन केला. त्यांना मी कधी भेटले नव्हते. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, दमलेला.

"तूच ती होय," ते म्हणाले. "बोल बाई."

मी माझे ठरलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती वर्षं होता? "माझी शेड होती तेव्हापासनं." काम कसं? "त्यानं पास केलेला माल परत आला न्हाय." हजेरी? "आई आजारी होती तेव्हा चार दिवस आला न्हवता." मी सगळं टिपून घेत होते. मग विचारलं की नोटीस तीन महिन्यांची आहे, तुम्ही त्याला सोडणार का.

"पुण्याच्या लोकांना ह्यो माणूस राहणार म्हणून मीच सांगितलेलं हाय," ते म्हणाले. "आता राहणार न्हाय म्हणून सांगायला पायजे. चिडतील ते. वकील बी चिडंल. सांगतो मी. तीन महिन्यांनी सोडतो त्याला."

"परशरामअण्णांनी सोडायचं कारण सांगितलं, कंपनी विकली जातेय म्हणून. ते बरोबर आहे का?"

"बरोबर हाय."

शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, मीही तोंडपाठ असल्यासारखा विचारून टाकला. "पुन्हा वेळ आली तर या माणसाला तुमच्या कंपनीत घ्याल का?"

"माझी कंपनी कुठं राहिली आता."

मी "सॉरी, आप्पा" म्हणाले. माझ्या तोंडून आप्पा कसं आलं ते मला माहीत नाही.

"असू दे," ते म्हणाले. "त्या दिवशी तो केबिनला आला तर मला वाटलं पगाराचं काहीतरी असंल. दारात चपला काढल्या त्यानं. वीस वर्षांत कधी काढल्या न्हवत्या. म्हणाला, दुसरीकडं बोलणी हायत, तिथं गेलो की चहा पिणार, म्हणून आधी तुम्हाला सांगाय आलोय." मग म्हणाले, "माझी बोलणी आठ महिने चालली होती, बाई. वकिलानं कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं, ते खरं हाय. पर ह्या आठ महिन्यांत त्याच्याबरोबर मी रोज चहा पीत होतो."